‘माले’चं स्टिकर: वर्गात एखाद्या पोराचा छळ होतोय हे कळल्यावर काय करायचं

शाळेत समुपदेशक म्हणून नव्यानेच लागलेल्यांसाठी हे लिहितेय. वर्गशिक्षकांकडेच ते काम सोपवलेलं असेल तर त्यांच्यासाठीही. खान्देशात दुसरीच परिस्थिती जास्त दिसते. एकच प्रकरण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांगते. दोन-तीन मुलांच्या गोष्टी एकत्र करून ते मांडलंय, आणि मुलाचं नाव आपण सागर धरू.

सागर सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. आठवीला तालुक्याच्या शाळेत आला, रोज एसटीने. पहिल्याच महिन्यात सरांनी प्रश्न विचारला आणि तो उभा राहून म्हणाला, “माले माहीत नही, सर.” सरांनी “‘माले’ काय? ‘मला’ म्हण” असं सगळ्यांसमोर तीनदा म्हणवून घेतलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘माले’ पडलं. दिवाळीनंतर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं स्टिकर आलं: डबा खाताना तोंड उघडं असलेला फोटो आणि खाली ‘माले’. कोणी काहीही विचारलं की उत्तर म्हणून तेच स्टिकर यायला लागलं.

माझ्यापर्यंत हे आलं ते वर्गशिक्षिकेच्या एका वाक्यातून: “पोरगा हुशार आहे, पण दांड्या फार मारतो.”

आधी ठरवा: भांडण आहे की छळ

नॉर्वेत या विषयाचा पाया घालणारे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि ज्याला दिला जातो त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड असतं. त्यांच्या प्रश्नावलीत महिन्यातून दोन-तीन वेळा किंवा त्याहून जास्त, ही साधारण सीमारेषा मानली जाते. नवीन माणूस चुकतो तो तिसऱ्या खुणेवर. ‘दोघंही एकमेकांना बोलतात’ हे ऐकून आपण प्रकरण भांडणात टाकतो. अशा वेळी बघायचं ते हे: उद्या सागरने उलट स्टिकर टाकलं, तर त्याच्या बाजूने हसणारे किती निघतील? एकही निघणार नसेल तर तो छळच.

ऑनलाइनमध्ये ‘पुन्हा पुन्हा’चा हिशोब बदलतो. स्टिकर बनवणाऱ्याने ते एकदाच बनवलं असेल, पण चाळीस फोनमध्ये ते साठवलेलं असतं आणि कोणीही कधीही टाकू शकतं. म्हणून “मी तर एकदाच टाकलं” हे खरं असूनही उपयोगाचं नसतं.

पहिली भेट

वर्गातून नाव पुकारून बोलावू नका. मी नकाशे आणायला म्हणून सागरला प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. सुरुवातीलाच सांगून टाका: “तू सांगशील ते मी वर्गात बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मोठ्यांना सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.” ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. तो पाळता येत नाही, आणि मोडला की पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही.

मी त्याच्या घरच्या बोलीत, अहिराणीतच बोलले. भाषेवरून मार खाल्लेल्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारणं म्हणजे त्याच वर्गात पुन्हा उभं करणं. तुम्हाला अहिराणी, लेवा, पावरी येत नसेल तर तसं सांगा आणि त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. कळलं नाही ते परत विचारा.

“तुला कोण त्रास देतं?” हा पहिला प्रश्न नको. त्याने मूल लगेच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातं. मी कागद आणि दोन खडू देते आणि शाळा काढायला सांगते: फाटक, वर्ग, जिना, पाण्याची टाकी, मुतारी, मैदान, एसटी स्टँड. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा खडू, जिथे जावंसं वाटत नाही तिथे लाल. सागरने टाकी लाल केली, मुतारी लाल केली, स्टँड अर्धं लाल केलं. वर्गात फक्त मागचा कोपरा लाल होता. मग विचारलं, टाकीवर काय होतं? तिथे त्याची बाटली हिसकावून ‘माले पानी, माले पानी’ चालायचं. म्हणून तो शाळेत पाणीच पीत नव्हता. मुतारीतही जात नव्हता. सकाळी दहापासून पाचपर्यंत.

मला या कामात सर्वात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. परिणाम किती झालाय हे चिडवणं किती ‘मोठं’ आहे त्यावरून कळत नाही. मुलाने काय काय सोडून दिलंय त्यावरून कळतं. ‘माले’ हा शब्द ऐकून मुख्याध्यापक हसून सोडून देतील. पण दिवसभर पाणी न पिणारं मूल दाखवलं की कोणीही हसत नाही.

सोडून दिलेल्या गोष्टींची यादी

ही यादी तीन ठिकाणांहून भरते. पहिलं ठिकाण मूल. दुसरं हजेरीपट. मागच्या सहा आठवड्यांची हजेरी वारांनुसार मांडा. सागरच्या गैरहजेऱ्या बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी होत्या. वेळापत्रक काढलं, तर त्या दोन दिवशी मराठीच्या तासाला प्रकटवाचन होतं. शेतीच्या कामासाठी घरी राहणाऱ्या मुलाच्या दांड्या अशा वारांवर बसत नाहीत. त्या कापूस वेचणीच्या दिवसांत सलग येतात. हा फरक कागदावर स्पष्ट दिसतो.

तिसरं ठिकाण घर. आईने सांगितलं, सकाळी उठला की म्हणतो, “पोट दुखस.” गावच्या डॉक्टरांनी दोनदा जंताची गोळी दिली होती. सुट्टीच्या दिवशी दुखतं का? नाही. जेवण? संध्याकाळी आल्या आल्या तांब्याभर पाणी पितो आणि मग जेवतो. झोप? रात्री वडिलांचा फोन घेऊन गोधडीत बसतो. आईला वाटलं, गेम खेळतो. तो ग्रुप बघत होता. आज आपल्यावर काय आलं, हे बघितल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती. छळ सोसणारी मुलं ग्रुप सोडत का नाहीत, असं बरेच जण विचारतात. ग्रुप सोडला तर मागे काय बोलतात ते कळत नाही, आणि ते न कळणं त्याहून वाईट वाटतं.

प्रश्नावली वापरायची असेल तर गुडमन यांची ताकद-अडचण प्रश्नावली, म्हणजे एसडीक्यू, छोटी आहे. पंचवीस विधानं, आणि अकरा ते सतरा वयाची मुलं स्वतः भरू शकतात. तिच्या जोडीला परिणाम विचारणारा एक भाग येतो: घरी, मैत्रीत, अभ्यासात, फावल्या वेळात किती अडथळा येतो. तो भाग सोडू नका. पण गुण जास्त आले म्हणजे आजार असं नाही, आणि कमी आले म्हणजे सगळं ठीक असंही नाही. गप्प बसायला शिकलेली मुलं कागदावरही गप्प बसतात.

एक प्रश्न त्याच दिवशी विचारायचाच

“एवढं सगळं चालू आहे, तर कधी असं वाटलं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?” होकार आला, किंवा नुसती मान खाली गेली, तरी पुढचं स्पष्ट विचारा: स्वतःला संपवायचा विचार आला का? कधी? आता या क्षणी आहे का? याआधी काही करून बघितलं का? विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुतेक मुलांना हलकं वाटतं.

होकार असेल तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा. आत्ताच करायचं म्हणत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक दवाखाना. फोनवर बोलायला टेली-मानस १४४१६ आहे, चोवीस तास. आणि आपल्या भागात एक गोष्ट आवर्जून सांगायची: घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच कुलूपबंद करा किंवा घराबाहेर हलवा. कापसाच्या घरात ते ओसरीवर, खाटेखाली, कुठेही असतं. सागर म्हणाला, मरावंसं नाही वाटत, शाळा बंद पडावी असं वाटतं. तरी मी वडिलांना औषधाचं सांगितलंच.

फोनवरचा पुरावा

घरच्यांचा पहिला हात ‘डिलीट’वर जातो. थांबवा. आधी स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. नाव सेव्ह असेल तर त्याची माहिती उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Export chat वापरून सगळा संवाद एका फाइलमध्ये काढता येतो. ते पालकांच्या फोनमध्ये राहू द्या, तुमच्या फोनमध्ये मागवू नका.

याला एक कडक अपवाद आहे. फोटो उघडा असेल, लैंगिक असेल, किंवा तोंड मुलाचं आणि अंग दुसऱ्याचं असं जोडकाम असेल, तर स्क्रीनशॉट काढायचा नाही, कोणालाही पाठवायचा नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. असा मजकूर बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. कोणाच्या फोनवर, कधी, कोणत्या नंबरवरून आलं एवढं लिहून ठेवा, फोन तसाच ठेवा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने कळवणं बंधनकारक आहे, आणि ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून दाबलं तर दाबणाऱ्यावर कारवाई होते. cybercrime.gov.in वर तक्रार करता येते, फोनवर १९३०, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

सागरचं स्टिकर या प्रकारातलं नव्हतं. तिथे ग्रुपच्या अ‍ॅडमिनची मदत पुरते, कारण अ‍ॅडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. पण मर्यादा समजून घ्या: स्टिकर एकदा फोनमध्ये साठवलं की ग्रुपमधून काढून काही होत नाही. ते प्रत्येकाने आपल्या फोनमधून काढायचं असतं, आणि तिथे तंत्र संपून वर्गाचं काम सुरू होतं. एवढं मात्र करता येतं: सेटिंगमध्ये Privacy, मग Groups, तिथे My contacts ठेवलं की अनोळखी नंबर त्याला नव्या ग्रुपमध्ये ओढू शकत नाही.

मुलासोबत

“दुर्लक्ष कर” आणि “तूही दे ना एक ठेवून” ही दोन वाक्यं बोलू नका. पहिलं तो सहा महिने करतच होता. दुसरं त्याला जमणार असतं तर तो तुमच्यासमोर बसला नसता.

लाल जागांवर एक-एक करून काम करा. सागरसोबत तीन गोष्टी ठरल्या. पाणी आणि मुतारीसाठी मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी सुटण्याची परवानगी, सगळ्याच मुलांना आळीपाळीने, म्हणजे तो वेगळा दिसणार नाही. प्रकटवाचन महिनाभर बंद, त्याऐवजी जोडीत वाचन. आणि शाळेत एक मोठं माणूस, ज्याच्याकडे कारण न सांगता जाऊन बसता येईल. त्याने माझं नाव नाही घेतलं. त्याने शिपाईकाकांचं घेतलं. ते अहिराणी बोलतात. मी काकांना त्याच्यासमोरच समजावून सांगितलं.

रात्रीचा ग्रुप त्याने लगेच सोडावा असा हट्ट धरला नाही. आठनंतर फोन आईकडे, आणि ग्रुपमध्ये काही आलंय का हे रोज संध्याकाळी मोठा भाऊ बघून सांगेल, असं ठरलं. बघण्याचं ओझं दुसऱ्याने घेतलं की झोप परत येते.

त्रास देणाऱ्यांसोबत आणि वर्गासोबत

दोघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ करू नका. बरोबरीच्या भांडणात ते चालतं. इथे एकाच्या मागे वर्ग आहे आणि दुसऱ्यामागे कोणी नाही. तो हात मिळवेल आणि संध्याकाळी स्टँडवर त्याची किंमत मोजेल. परिपाठात नाव न घेता झापणंही नको, कारण सगळ्यांना नाव माहीत असतं.

मी चौघांना एकेकटं बोलावलं, एकामागून एक, मध्ये भेटू न देता. “तू का केलंस” यात पडले नाही. सांगितलं: सागर दिवसभर पाणी पीत नाही, हे आम्हाला कळलंय. हे आज थांबायला हवं. ते थांबायला तू काय करणार आहेस? आणि गप्प बसून उत्तराची वाट बघितली. एकाने स्टिकर माझ्यासमोर काढलं. एक म्हणाला, “मॅडम, मजाक होती.” मी म्हटलं, बरं, उद्यापासून काय करणार? आठवड्याने चौघांना पुन्हा भेटले. ही दुसरी भेट चुकवली तर पहिलीचा उपयोग दोन दिवस टिकतो.

फिनलंडमधल्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी दाखवलं की वर्गात त्रास देणारा आणि सोसणारा एवढे दोघंच नसतात. साथ देणारे, हसून चेव आणणारे, बाजूला राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे असतात. त्यावर उभा राहिलेला, शाळेतला छळ थांबवण्यासाठीचा ‘किवा’ कार्यक्रम याच मधल्या मुलांवर भर देतो. मूळ खोडकराला बदलण्यापेक्षा हसणाऱ्यांना गप्प करणं सोपं असतं, आणि हसू थांबलं की स्टिकरला अर्थ उरत नाही.

वर्गात मी सागरचा विषय काढला नाही. दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच निमित्ताने, कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही. दोन प्रश्न: वर्गात कुणाला चिडवलं तेव्हा तुम्ही कधी हसलात का? तेव्हा खरंच हसू आलं होतं, की सगळे हसले म्हणून? चिठ्ठ्या मी वाचून दाखवल्या नाहीत, अक्षर ओळखतात. फक्त मोजून फळ्यावर आकडे लिहिले. ‘सगळे हसले म्हणून’ निम्म्याहून जास्त निघाले. वर्ग बराच वेळ शांत होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच असे.

मग भाषेचं एक कळलं, जे मला आधीच लक्षात यायला हवं होतं. त्या वर्गातली बरीचशी मुलं घरी अहिराणीच बोलत होती. सर्वात मोठ्याने हसणाऱ्या मुलाची आई मला भेटायला आली आणि पहिलंच वाक्य अहिराणीत बोलली. मुलगा तिच्याकडे न बघता उभा होता. सागरवर हसलं की आपण त्याच्यासारखे नाही असं सिद्ध होतं, एवढाच तो खेळ. म्हणून मराठीच्या सरांशी एकांतात बोलले. बोली चूक नाही, परीक्षेत प्रमाण भाषा लागते, आणि दुरुस्ती वहीत करायची, उभं करून नाही. सरांना वाईट वाटलं. त्यांच्या घरीही ‘माले-तुले’च चालतं, त्यांनीच सांगितलं. बोलींवर तास घ्यायचा असेल तर सगळ्या वर्गाला घरून एकेक शब्द आणू द्या. सागरला ‘तू सांग’ म्हणू नका.

वर्गात मान असलेल्या दोन मुलांना वेगळं बोलावून मी एवढंच मागितलं की डब्याला त्याच्याजवळ बसा. त्यांनी कोणाशी भांडू नये हेही बजावलं. नाहीतर उद्या त्यांचं स्टिकर निघतं.

घरी

दोन्ही घरांना वेगवेगळ्या दिवशी भेटा. तालुक्याच्या गावात बातमी घराआधी पोचते आणि पालक फाटकावरच भिडतात.

सागरच्या वडिलांचा पहिला विचार होता फोन काढून घ्यायचा, दुसरा होता त्या पोराच्या घरी जायचा. फोन काढला तर मुलाला कळतं की सांगितलं म्हणून शिक्षा झाली. मी म्हटलं, “नाना, फोन राहू द्या, पण आठनंतर त्याच्या आईकडे.” आणि त्या घरी जाऊ नका. शाळा बोलतेय, आठ दिवस द्या. आठ दिवस म्हटलं की आठव्या दिवशी आपण स्वतः फोन करायचा.

दुसऱ्या घरी धोका उलटा असतो. बाप तिथेच कानाखाली वाजवतो, आणि पोरगा त्याचा हिशोब सागरवर काढतो. म्हणून आधी सांगा: “तुमचा मुलगा वाईट नाही, त्याने एक वाईट गोष्ट केली आणि थांबवायला तयार आहे. घरी मारू नका, त्याऐवजी फोन कधी, कोणासमोर वापरायचा ते ठरवा.” फोन कोणाच्या नावावर आहे हेही सांगा. पुढे तक्रार झाली तर पोलिस त्या नावापर्यंत येतात. ही धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून.

चिडवण्यात जातीचा किंवा जमातीचा उल्लेख असेल, आदिवासी मुलांबाबत आपल्याकडे हे होतं, तर ते ‘वर्गातली मस्ती’ म्हणून मिटवू नका. मुख्याध्यापकांना लेखी द्या. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे हे सोसणाऱ्या मुलाच्या पालकांना सांगा. तक्रार करायची की नाही हा त्यांचा निर्णय, त्यांना ‘मिटवून टाका’ म्हणायचा शाळेला अधिकार नाही.

परत बघणं

आठवड्याने, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. ‘आता कसं आहे?’ विचारलं तर ‘ठीक’ असंच उत्तर येतं. म्हणून तीच यादी काढायची: पाणी, मुतारी, मंगळवार-शुक्रवार, झोप. आणि तोच नकाशा पुन्हा काढायला लावायचा.

सहा आठवड्यांनी सागरच्या कागदावर टाकी हिरवी होती. मंगळवारची हजेरी लागली होती, शुक्रवारच्या दोन चुकल्या होत्या. मागचा कोपरा त्याने रंगवलाच नाही. एसटी स्टँड मात्र पूर्ण लाल झालं होतं. आधी अर्धं होतं. शाळेत बंद झालेलं फाटकाबाहेर गेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या गाडीला मी आणि शिपाईकाका स्टँडवर जाऊन उभे राहिलो, आणि कोण कोण कुठे उभं असतं ते बघायला सुरुवात केली.